किल्ली ज्याच्या गळा

३ फेब्रुवारी, सोमवार

शहापूर-मुरबाडच्या बायांनो, आपल्या डोंगरांवर पाऊस पडतो, आपल्या खोऱ्यांत धरणं भरतात, माणूस उभा राहील एवढ्या जाडीच्या नळांतून ते पाणी आपल्या शेतांच्या कडेने मुंबईला जातं, आणि फेब्रुवारी लागला की आपल्या हंड्याला तळ दिसतो. ही तहान एकट्या कुणाची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

भाषणाची सुरुवात अशी करायची. सत्तावीस तारखेला मराठी भाषा गौरव दिन आहे आणि वाचनालयात बोलायला मलाच सांगितलं आहे. वाचनालयाचे अध्यक्ष देवजीमास्तर आज येऊन म्हणाले, "सरस्वतीबाई, यंदा जरा आटोपतं घ्या. मागच्या वेळी खुर्च्या भाड्याच्या होत्या, खुर्च्यावाल्याने वाट बघितली." मी म्हटलं, आग आटोपती घेता येत नाही. ते म्हणाले, "मग चुलीएवढी घ्या."

भाषणानंतर 'गिरणीबाई' म्हणणार. शंभर वर्षांपूर्वीची तरी असेल ही कविता. गिरण्यांचा धूर मुंबईवर चढत होता तेव्हा साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहणाऱ्या कुणा कामगाराने लिहिलेली. आमच्या वाचनालयात तिचं चोपडं आहे, पण पहिलं पान वाळवीने खाल्लं, त्यामुळे कवीचं नाव गेलं. चौतीस वर्षं मी ती म्हणते आहे. शाळेत म्हटली, किन्हवलीला म्हटली, मुरबाडच्या एसटी स्टँडवर भाववाढीच्या सभेत म्हटली. टाळी नेहमी एकाच जागी पडते. आता ती जागा यायच्या आधी माझे हातच वर जातात.

नळ आज सव्वा तास होता. मोगऱ्याला पाणी घातलं, ओटा धुतला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नळाची धार करंगळीएवढी. लगेच भरतला फोन केला. भरत म्हणजे आमच्या गावचा पाणी सोडणारा माणूस. पंप चालू करायचा, टाकी भरायची, मग व्हॉल्व्ह फिरवून कुठल्या बाजूला पाणी द्यायचं ते द्यायचं, हे त्याचं काम. पंपघराची किल्ली काळ्या गोफात ओवून गळ्यात घालतो. माझा विद्यार्थी. सातवीत असताना 'गिरणीबाई' म्हणून त्याने तालुक्याचं बक्षीस आणलं होतं, हातवारे सगळे माझे.

म्हटलं, "भरत, आमच्या देवळाच्या आळीला आज काय उपास आहे का?"

तो म्हणाला, "बाई, पंप दमतो वो. बघतो मी."

दहा मिनिटांत धार मनगटाएवढी झाली. शिकवलेलं वाया जात नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला ठाकरवाडीत गेले. गावापासून वीस मिनिटांची चढण. वाडी टेकडीच्या माथ्यावर आहे, आमच्या देवळाच्या कळसापेक्षाही उंच. तीन वर्षांपूर्वी तिथे चार नळ बसवले. एकाला आज करडू बांधलेलं होतं. दुसऱ्यावर कोंबडी बसली होती, आणि माझ्याकडे अशी बघत होती की नळ तिच्याच नावावर आहे.

ठकूच्या अंगणात बसले. ठकू साठीच्या पुढची. लग्न असो, बारसं असो, गाणं तिच्या तोंडचं. अंगणात जातं आहे आणि ते शोभेचं नाही, नाचणी अजून त्याच्यावरच दळते. तिची सून लहानी तेवढ्यात ओढ्यावरून आली. ओढा आटला आहे, म्हणून रेतीत खड्डा करायचा, झिरपलेलं पाणी वाटीने हंड्यात भरायचं. एका हंड्याला अर्धा तास. तिची दोन वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती. त्याच पाण्याने, असं शहापूरचे डॉक्टर म्हणाले म्हणे. पाणी उकळून द्या, म्हणाले. लहानी म्हणाली, "उकळायला आधी पायजे ना."

मी नळाचं विचारलं. ठकू हसून म्हणाली, "येतं ना. आठ दिसानी एकदा, खाकरल्यावानी. पंप म्हातारा झालाय, बाई. टेकडी चढताना त्याला दम लागतो. भरत सांगतो ना."

येताना सबंध उतारभर मी मुंबईवर चिडत होते. तिच्या कारंज्यांवर, तिच्या न्हाणीघरांवर, रोज सकाळी तिथे धुतल्या जाणाऱ्या मोटारींवर. घरी येऊन एका दमात दोन पानं लिहिली. 'ही नगरी म्हणजे अशी पाहुणी, जी आपल्या घरी येत नाही, पण आपल्या माठातलं पिते.' हे वाक्य चांगलं उतरलं आहे.

लिहून झाल्यावर ओटा धुतला. राग आला की मला ओटा धुवायची सवय आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कार्यक्रम झाला. शंभरावर माणसं होती. ठाकरवाडीच्या अठरा बाया आल्या, पहिल्या रांगेत खाली सतरंजीवर बसल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या. मी दोनदा हात केला, पण त्या उठल्या नाहीत.

भाषण चाळीस मिनिटं. देवजीमास्तर घड्याळ बघत होते, ते मी बघितलं नाही असं दाखवलं. मग कविता.

आधी लोकांना समजावून सांगितलं, कारण नुसती म्हटली तर नाद राहतो आणि अर्थ निसटतो. या कवीने ओवी घेतली. जात्यावरची. बायका जात्याशी बोलत दळायच्या, त्याला देव म्हणायच्या, भाऊ म्हणायच्या. दगडाला माणूस करणं आपल्याला नवं नाही. कवीने तीच ओवी उचलली आणि गिरणीसमोर ठेवली. आणि सुरुवातीला तिला राक्षसीण म्हणत नाही, हा त्याचा डाव. आधी ती साधी बाई आहे. उठते, वेणी घालते.

गिरणीबाई उठली
धुराची वेणी घातली
भोंग्याने हाक दिली
अवघ्या चाळीला

इथे ऐकणारा हसतो. शेजारीणच वाटते. मग तिला भूक लागते.

न्याहारीला कापूस
जेवणाला माणूस
तरी म्हणे उपास
आजही मला

हसू अजून ओठावरच असतं आणि मधे 'माणूस' येतो. मग खरी उलथापालथ. यंत्राला जीव फुटतो, आणि तो येतो कुठून, तर माणसांतून.

तिला फुटले डोळे
आम्ही झालो खिळे
वाकले जे निराळे
भंगारात

लोखंडाला डोळे आणि माणसांचं लोखंड. गिरणीवर टीका करायला कवीने एकही आकडा दिला नाही, पगार सांगितला नाही, तास सांगितले नाहीत. नुसती अदलाबदल केली. वाचणाऱ्याला आपोआप कळतं की हे उलटं आहे, आणि उलटं आहे म्हणजे कुणीतरी उलटं केलं आहे.

आणि मग ती ओवी, जिच्यावर टाळी.

राक्षसीण ही काळी
रोज मागे बळी
आमची राखरांगोळी
हिच्या दारी

हात वर. टाळ्या. भरत सगळ्यात मागे उभा राहून शिट्टी वाजवत होता.

ठकू टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, बाजारात वजनकाट्याकडे बघतात तसं. तिला कविता जड गेली असावी.

२ मार्च, रविवार

आज जे ऐकलं त्याच्यावर हसावं की डोकं धरावं कळत नाही.

काल ठाकरवाडीच्या बायांनी पंपाला नारळ दिला. हळदकुंकू, झेंडूची माळ, अगदी खंडेनवमीला यंत्रं पूजतात तसं सगळं. शिवाय गुळाचा खडा, कारण म्हाताऱ्याला दम लागतो तेव्हा गूळ बरा. भरतने पंपघर उघडून दिलं, नारळ फोडला आणि प्रसाद आळीत वाटला. माझ्याही घरी आणून दिला. खोबरं गोड होतं.

मी तडक वाडीत गेले. म्हटलं, ठकू, हे काय केलंत?

ती म्हणाली, "तुमीच सांगितलं ना, बाई. ती रोज बळी मागते म्हणून. आमच्याकडं बळी द्यायला कोंबडा नाय, नारळ दिला."

"अगं, ती कविता आहे. राग यावा म्हणून लिहिलेली."

"राक्षसावर राग धरून काय करता? त्याला खूश ठेवायचा."

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. लहानीची मुलगी अजून निजूनच होती, दोरीवरच्या ओल्या फडक्यासारखी. नळावरची कोंबडी मात्र जागेवर होती.

चौतीस वर्षं मी या कवितेने माणसं पेटवायला निघाले आहे. आज कळलं, पेटली ती उदबत्ती.

५ मार्च, बुधवार

ठकू शेवग्याच्या शेंगा घेऊन आली. ओट्यावर बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, तुमची ती गिरणी परत म्हणा, पण हळू, आणि हात नका करू.

हात न करता म्हणणं मला अवघड गेलं. तिने डोळे मिटून ऐकली. संपल्यावर म्हणाली, "संपली?"

म्हटलं, हो.

"नाय संपली. जातं असं नाय संपत."

मग तिने जे विचारलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण मी आजवर इतक्या समीक्षा वाचल्या, पण हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

"आमी जात्याला देव म्हणतो, बाई. पण त्याच्या तोंडात मूठ आमीच घालतो. किती घालायची आमाला म्हाइत. खुंटा आमच्या हातात. जातं जास्त खातंय, असं कुठली बाई म्हणल का? मग तुमच्या गिरणीच्या तोंडात मूठ कोण घालतं? खुंटा कुणाच्या हातात हाय? ते त्या माणसानं लिवलं नाय का?"

मी म्हटलं, नाही लिहिलं. कवीची ती मर्यादा असेल.

ती म्हणाली, "दळलेलं त्याला म्हाइत दिसतंय. ओवी बरोबर बांधलीय त्यानं. असा माणूस इसरंल कसा?"

ती गेल्यावर वाचनालयात जाऊन चोपडं काढलं. माझ्या पाठांतराच्या वहीत चार ओव्या आहेत, त्यामुळे चोपडं वर्षानुवर्षं उघडलंच नव्हतं. चौथ्या ओवीनंतर पान उलटलं. मागे पाचवी आहे.

गिरणी म्हणे बाळा
मला राग ना लळा
किल्ली ज्याच्या गळा
त्याला विचार

आणि तिच्यावर पेन्सिलीने आडवी रेघ. शेजारी माझं अक्षर. 'नको. टाळ्या जातात. १९९१.'

६ मार्च, गुरुवार

वाळवीला उगीच नावं ठेवली. कवीचं फक्त नाव तिने खाल्लं. बाकीचा मी खाल्ला.

आता दिसतं त्याने काय रचलं होतं ते. चार ओव्यांत गिरणीला हळूहळू बाई केली, भुकेली केली, डोळस केली, राक्षसीण केली. ऐकणाऱ्याचा सगळा राग तिच्यावर गोळा होऊ दिला. आणि मग, राग पुरता भरल्यावर, तिच्याच तोंडून सांगितलं की मी कुणीच नाही, मला पोट नाही, राग नाही, बाळा, तू चुकीच्या दारात उभा आहेस. तो मुखवटा चढवलाच होता तो काढण्यासाठी. मी चढवला आणि तसाच ठेवला. मग राक्षसच उरतो. राक्षसाला नारळ देतात, त्याच्यासमोर अर्ज देत नाहीत. आणि मालक कुठेच सापडत नाही. तो आपला शेवटच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवतो.

शिट्ट्याही.

भरतची मला आज आठवण आली. 'पंप दमतो.' माझंच शिकवलेलं म्हणतोय की हा.

पण पंपाला दम लागतो म्हणजे काय, ते उद्या विचारायचं. आपण यंत्रातलं शिकलो नाही, तरी माणसातलं कळतं.

७ मार्च, शुक्रवार

भरतला पंपघरात गाठलं. पंपाच्या गळ्यात झेंडू वाळला आहे. आधी म्हणाला पंप म्हातारा आहे. म्हटलं, बसवून तीन वर्षं झाली. मग म्हणाला लाईट जाते. म्हटलं, ती सगळ्यांचीच जाते. मग हसला आणि जमिनीवर काडीने काढून दाखवलं.

पंपाचा वाडीशी संबंधच नाही. पंप विहिरीतून टाकीत पाणी चढवतो, तेवढंच त्याचं काम, आणि ते तो रोज चोख करतो. टाकीतून पुढे पाणी आपल्या वजनाने जातं. टाकी समोरच्या उंच टेकडीवर, तिच्याखाली गावाजवळ दोन व्हॉल्व्ह. एक गावाचा, एक वाडीचा. गाव खाली, वाडी उंच, टाकीपेक्षा थोडीच खाली. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवले तर पाणी उताराकडे धावतं, सगळं गावात. वाडीला पोचवायचं तर गावाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा लागतो, पाऊण तास तरी. मगच नळी भरते, हवा निघते, आणि पाणी टेकडी चढतं.

"मग बंद का करत नाहीस?"

"करतो की. दहा मिनटं झाली की फोन येतो. गावाची धार गेली म्हणून. मग उघडतो."

"कुणाचा फोन येतो?"

तो किल्लीशी चाळा करत म्हणाला, "येतो वो, बाई. लोकांचा."

लोक असेच असतात. नावं घेतली पाहिजेत त्यांची. होळी येतेच आहे.

१३ मार्च, गुरुवार

होळी पेटली ती संध्याकाळी सात वाजता, गावच्या माळावर. वाडीची माणसं दरवर्षी आपली वेगळी पेटवतात. यंदा मी जाऊन सांगितलं, एकच करू. शिमग्याला नाव घेऊन बोंब मारायचा हक्क सगळ्यांना असतो, वर्षभर मनात साठलेलं त्या दिवशी बोललं तर कुणी रागवायचं नसतं. हा आमच्या गावचा सगळ्यात जुना कायदा, आणि तो मोडलेला मी पाहिला नाही.

मी ठकूला पाचवी ओवी सांगून ठेवली होती. वाटलं होतं, ती ओवी म्हणेल आणि मी दोन शब्द बोलेन.

पोरांनी सुरुवात केली. पहिली बोंब रस्त्याच्या खड्ड्यांच्या नावाने, दुसरी मुरबाडच्या उशिरा येणाऱ्या गाडीच्या. मग कुणीतरी ओरडलं, "पंपाच्या नावानं!" सगळ्यांनी तोंडावर हात नेले.

ठकू पुढे झाली. "थांबा रे. पंपाला काय कान हायत? गिरणी काय म्हणाली?" आणि तिने ओवी गायली, गळा मोकळा सोडून. किल्ली ज्याच्या गळा. शेवटच्या शब्दाला सगळ्यांची तोंडं भरतकडे वळली. किल्ली होळीच्या उजेडात चमकत होती.

बोंब पार किन्हवलीला ऐकू गेली असेल.

भरतने दोन्ही हात जोडले, हसत होता, पण कान लाल झाले होते. तो म्हणाला, "मान्य. पण माझ्या गळ्यात नुसती किल्ली हाय. मला फोन कोण करतं ते पण सांगू का?"

"सांग, सांग."

मीही ओरडले, सांग. सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले असेन, माझा आवाजच तसा आहे.

त्याने माझ्याकडे बघितलं. सातवीतला असताना ओळ विसरला की असाच बघायचा. मग खाली मान घालून म्हणाला, "देवळाची आळी. पहिला फोन बाईंचा. त्यांचा आला की बाकीचे पण करतात."

मग ठकूने पदर तोंडावर घेतला, तिचे खांदे हलायला लागले, लहानी फिसकन हसली, आणि नंतर कुणालाच आवरलं नाही.

माझ्या नावाने बोंब झाली. देवजीमास्तर त्यात होते. हात वर करून, अगदी माझ्यासारखे.

१४ मार्च, शुक्रवार

काल घरी येऊन हे लिहायला बसले होते: 'माझ्या तोंडून एखादा फोन गेला असेल. नळाला धार नसली की शब्द निघून जातात.' वाचून खोडलं. फोन जात नाही, शब्द निघत नाहीत. मी केला, मी बोलले. नऊ फेब्रुवारीचं पान याच वहीत आहे. त्याच्या आधीची तशी सात पानं सापडली, मागच्या दिवाळीपासूनची. प्रत्येकाच्या शेवटी मोगरा आहे.

मुंबईवर लिहिलेली दोन पानंही वाचली. वाक्य अजून चांगलं वाटतं. पाहुणी कुठली हे मात्र नीट बघितलं नव्हतं. मुंबईचं खोटं नाही, तिच्याशी भांडायचंच आहे. पण ती फार लांब आहे आणि तिच्यावर बोललं की टाळ्या पडतात.

धुळवडीला दार उघडलं नाही. तरी पोरांनी ओटा रंगवला. धुतला नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी साडेसहाला भरतबरोबर टाकीखाली गेले. गावाचा व्हॉल्व्ह मी स्वतः फिरवला. अकरा वेढे. माझा फोन त्याच्याजवळ ठेवायला दिला, सवय वाईट.

मग चढण. वाडीत पोचेपर्यंत सातला दहा कमी होती. ठकू, लहानी आणि आणखी दहाएक जणी नळाभोवती. करडू सोडून बांधावर नेलं होतं. कोंबडीला उठवायला तिघी लागल्या.

आधी काहीच नाही. मग नळाने फुसकारा सोडला. एक बाई मागे सरकली. ठकू म्हणाली, "काय नाय गो, हवा हाय. बाईंनी सांगितलंय, त्याला जीव नाय." पाच मिनिटं हवाच. मग तांबडं पाणी थेंब थेंब. सातला धार.

कुणी हळदकुंकू काढलं नाही. हंडे लावले. पहिला हंडा लहानीचा. तो तिने चुलीवर चढवला.

मी बाजूला उभी होते. ठकूने ते पाहिलं आणि म्हणाली, "आज भाषण नाय?" म्हटलं, नाही. म्हणाली, "पाणी आलं की बरं वाटतं बघा. सगळ्यांना."

उतरताना भरतकडून फोन घेतला. देवळाच्या आळीतून त्याला चौदा फोन येऊन गेले होते. दोन माझ्या जावेचे.

३० मार्च, रविवार, पाडवा

पंधरवडाभर भरत पाऊण तास गावाचा व्हॉल्व्ह बंद ठेवतो आहे. लहानीची मुलगी गुढीखाली नाचत होती, मी वाडीत जाऊन बघून आले. आमची जाऊ माझ्याशी बोलत नाही. आळीत म्हणतात, बाईंना म्हातारपणी वाडीचं खूळ लागलं. सरपंचांनी सांगितलं, असं तोंडी चालणार नाही, एक मेच्या ग्रामसभेत ठराव आणा, बहुमत झालं तर ठेवू, नाही तर पूर्वीसारखं. बहुमत आळीचं आहे. होळीनंतर वाडीची बहुतेक माणसं वीटभट्टीवर कामाला गेली आहेत, ती तोवर परतलेली नसतील.

ठरावाचा मसुदा ग्रामसेवकांनी दिला. 'पंपाची क्षमता अपुरी असल्याने वाडीस पाणीपुरवठा होऊ शकला नाही.' मी 'पंपाची क्षमता अपुरी असल्याने' खोडून 'देवळाच्या आळीतील घरांनी व्हॉल्व्ह उघडण्यास लावल्याने' असं लिहिलं. ते म्हणाले, बाई, असं लिहीत नाहीत. म्हटलं, शंभर वर्षांपूर्वी एकाने लिहिलं होतं. मीच ते ऐकू दिलं नाही.

मोगरा थोडा सुकला आहे. तांदूळ धुतलेलं पाणी घालते.

३० एप्रिल, बुधवार

उद्या बोलायचं ते इथे आधी लिहून बघते. देवजीमास्तरांनी दोन मिनिटं सांगितली आहेत. ठकू म्हणाली, एक पुरे. हात खाली ठेवून बोलायचं आहे.

देवळाच्या आळीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो, आपली सगळ्यांची एक तक्रार आहे. सकाळी पाऊण तास आपल्या नळाला पाणी नसतं. खरं आहे, मलाही त्रास होतो. कुणी म्हणतं पंप बिघडला, कुणी म्हणतं वाडी आपलं पाणी पिते. पंपाने काही केलेलं नाही. वाडीनेही नाही. तो व्हॉल्व्ह सतरा मार्चला मी बंद केला, माझ्या हाताने, अकरा वेढे. त्याआधी आठ वेळा तो मीच उघडायला लावला होता, तारखा माझ्या वहीत आहेत, ज्याला हव्या त्याने बघाव्यात.

मी तुम्हाला चौतीस वर्षं एक कविता अर्धी ऐकवली. तिची राहिलेली ओवी ठकूने होळीला म्हटली, ती तुम्ही ऐकली आहे आणि नंतर माझ्यावर हसलाही आहात. किल्ली भरतच्या गळ्यात दिसते, पण ती फिरवणारे आपण.

ठराव वाचला जाईल, त्यात आपलं नाव आहे. ते काढा असं म्हणू नका. रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात गावाचा व्हॉल्व्ह बंद राहील, एवढंच मागणं आहे.

सरपंच मत विचारतील तेव्हा हात वर करा. माझा आधी असेल.